पोटातली चरबी आणि कातडीखालची चरबी: कशी ओळखायची, कशी मोजायची आणि जेवण-झोपेने ती कशी बदलते

पोटाची वळी चिमटीत धरून "ही घालवायचीय" म्हणणारे खूप जण असतात. पण जी चरबी चिमटीत येते ती बहुतेक वेळा तितकी त्रासाची नसते, खरा त्रास जी चिमटीत येतच नाही तिचा. हा लेख एकदम नवख्यांसाठी आहे, म्हणजे ज्यांनी "व्हिसरल फॅट" हा शब्द कुठल्यातरी रिपोर्टवर किंवा स्मार्ट वजनकाट्याच्या अॅपवर पहिल्यांदा वाचला आणि पुढे काय करायचं ते कळलं नाही त्यांच्यासाठी. वजन कमी करायचा सगळा विषय इथे घेत नाहीये. दोन चरबींमधला फरक, तो घरी कसा तपासायचा, आणि जेवण आणि झोप यांनी नेमकं काय हलतं एवढंच बघू. झोपेवर जरा जास्त बोलणार आहे कारण तो भाग लोक हमखास सोडून देतात.

आधी दोन्ही कुठे असतात ते बघू

कातडीच्या खाली आणि स्नायूंच्या वर जो थर असतो ती कातडीखालची चरबी, डॉक्टर तिला सबक्युटेनियस म्हणतात. मांड्या, कुल्हे, दंड, पोटाचा वरचा मऊ थर, सगळीकडे हीच असते आणि शरीरातली बहुतांश चरबी पण हीच. दुसरी पोटाच्या स्नायूंच्या भिंतीच्या आत असते, आतड्यांच्या आजूबाजूला, आतड्यांवर पसरलेल्या पातळ पडद्यात आणि इतर अवयवांच्या भोवती. ही व्हिसरल. वजनाने ती कमीच असते, पण तिची जागा वाईट आहे.

वाईट का, तर आतड्यांकडून निघणारं रक्त पोर्टल व्हेन नावाच्या शिरेतून आधी थेट लिव्हरमध्ये जातं आणि मग बाकी शरीरात. आतल्या चरबीचं बरंचसं रक्त याच शिरेला मिळतं. त्यामुळे ती जे काही सोडते, फॅटी अॅसिड म्हणा किंवा सूज वाढवणारी रसायनं म्हणा, ते सगळं पहिल्यांदा लिव्हरच्या दारात जाऊन पडतं. लिव्हरमध्ये चरबी साठायला लागली की ते रक्तातली साखर आवरणाऱ्या इन्सुलिन या हार्मोनचं ऐकेनासं होतं, उपाशीपोटी पण साखर सोडत राहतं, ट्रायग्लिसराईड ही रक्तातली चरबी जास्त बनवतं. म्हणून पोट सुटलेल्या माणसाच्या रिपोर्टमध्ये शुगर थोडी वर, ट्रायग्लिसराईड वर, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल खाली आणि बीपी वर असं चौघांचं टोळकं एकत्र दिसतं. हा एकच मार्ग आहे असं नाही, पण समजायला इथून सुरुवात केलेली बरी.

आता कोणीही विचारेल की हे सगळं "चरबी जास्त" म्हणूनच होत असेल ना, आतली काय आणि बाहेरची काय. तर २००४ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग छापून आला होता. १५ लठ्ठ बायकांच्या पोटावरची कातडीखालची चरबी लायपोसक्शनने म्हणजे नळीने ओढून काढली, थोडीथोडकी नाही, सुमारे ९-१० किलो! मग १० ते १२ आठवड्यांनी परत तपासणी केली. इन्सुलिनला शरीर किती दाद देतं, बीपी, कोलेस्टेरॉल, कशातच म्हणण्यासारखा फरक नाही. तेवढंच वजन कमी खाऊन आणि हालचाल वाढवून गेलं असतं तर हे आकडे नक्की हलले असते, कारण तेव्हा आतली आणि लिव्हरमधली चरबी पण जाते. लायपोसक्शनने फक्त बाहेरचा थर गेला, आतलं जसंच्या तसं.

याची दुसरी बाजू अजून विचित्र आहे. लायपोडिस्ट्रॉफी नावाचा एक दुर्मिळ आजार असतो, त्यात कातडीखालची चरबी जवळजवळ नसतेच. वरवर हे लोक सडपातळ आणि स्नायूदार दिसतात, पण अनेकांना कमी वयातच जबरदस्त डायबिटीस होतो आणि लिव्हर चरबीने भरतं. म्हणजे कातडीखालचा थर हे शरीराचं सुरक्षित गोदाम आहे, आणि ते भरलं किंवा मुळातच लहान असलं की जास्तीचा माल आतल्या अवयवांवर उतरवला जातो. हे गोदाम कोणाचं किती मोठं हे बऱ्याच अंशी जन्मजात, वयावर आणि हार्मोन्सवर ठरतं. पाळी असते तोपर्यंत बायकांची चरबी मांड्या-कुल्ह्यांवर जास्त जाते, पाळी गेल्यावर ती पोटाकडे सरकते. दक्षिण आशियाई लोकांमध्ये तर उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय तितकाच असला तरी आतली चरबी युरोपीय लोकांपेक्षा जास्त सापडते. म्हणून "माझं वजन तर नॉर्मल आहे" हे वाक्य आपल्यासाठी फारसं उपयोगाचं नाही.

पहिली पायरी: हाताने अंदाज

उताणे झोपा आणि पोट सैल सोडा. कातडीखालची चरबी मऊ असते, झोपल्यावर ती बाजूला ओघळते आणि पोट चपटं होतं, चिमटीत जाड वळी येते. आतली जास्त असेल तर झोपल्यावरही पोट घुमटासारखं वर राहतं, दाबल्यावर घट्ट लागतं आणि चिमटीत मात्र पातळच कातडी येते. बारीक हातपाय आणि समोर टणटणीत पोट ही याचीच खूण. अर्थात हा नुसता अंदाज आहे, बहुतेकांच्यात दोन्ही मिसळलेल्या असतात आणि गॅस झालेला असेल तर हा अंदाज पार चुकतो.

दुसरी पायरी: टेप, आणि ती नीट लावायची

शिवणकामाची टेप घ्या, लोखंडी नको. लोक काय करतात की पँट जिथे घालतात तिथे मोजतात, आणि पोट सुटलेला माणूस पँट पोटाच्या खाली घालतो, त्यामुळे वर्षानुवर्षं "माझी कंबर ३४" चालूच राहते आणि पोट मात्र त्याच्यावरून बाहेर लोंबतंय.

जागा अशी शोधायची. बाजूने बरगड्यांवर बोटं ठेवून खाली येत जा, शेवटची बरगडी हाताला लागेल तिथे पेनाने बारीक खूण करा. मग कमरेच्या बाजूला हात ठेवला की जे हाड वरच्या कडेला लागतं तिथे दुसरी खूण. या दोन खुणांच्या बरोबर मध्यावर टेप येणार. बेंबीवर लक्ष ठेवू नका, पोट लोंबलं की बेंबी पण खाली जाते. सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, काही खायच्या आधी, उघड्या अंगावर मोजा, पाय थोडे लांब ठेवा आणि आरशासमोर उभे राहा म्हणजे टेप मागून खाली घसरलेली दिसेल. नेहमीसारखा श्वास सोडा आणि सोडून झाल्यावर आकडा बघा. पोट आत ओढायचं नाही, टेप कातडीत रुतेल इतकी आवळायची पण नाही. तीनदा मोजून सरासरी घ्या. तीन आकड्यांत २ सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक येत असेल तर जागा बदलतेय असं समजा आणि परत खुणा करा.

आता या आकड्याचं काय करायचं? सगळ्यात सोपा नियम म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवी. दोन्ही सेंटीमीटरमध्ये घ्या आणि कंबर भागिले उंची करा. ०.५ च्या खाली असेल तर ठीक, ०.५ ते ०.५९ म्हणजे धोका वाढलेला, ०.६ आणि वर म्हणजे जास्त धोका. ब्रिटनच्या नाइस या आरोग्य मार्गदर्शक संस्थेने २०२२ मध्ये हेच गट वापरायला सांगितले. उंचीचा हिशोब नको असेल तर इंटरनॅशनल डायबिटीस फेडरेशनची दक्षिण आशियाई लोकांसाठीची मर्यादा आहे, पुरुष ९० सेंटीमीटर, बायका ८०. गरोदरपणात यातलं काहीच लागू नाही.

आणि हो, स्मार्ट वजनकाट्यावरचा "व्हिसरल फॅट ९" वगैरे आकडा. तो काटा पायांतून हलका करंट सोडतो, अडथळा मोजतो आणि तुमचं वय, उंची, लिंग घालून एका सूत्रातून अंदाज काढतो, आत काही बघत नाही. पाणी कमी प्यायलं, नुकताच व्यायाम केला, अंघोळ करून ओले पाय ठेवले की तो बदलतो. खरं मोजमाप सीटी स्कॅन किंवा एमआरआयनेच होतं, पण नुसती चरबी बघायला सीटीचं रेडिएशन घेण्यात अर्थ नाही, कोणी विकत असेल तरी घेऊ नका. टेप आणि चार रक्ताचे रिपोर्ट पुरेसे असतात: उपाशीपोटी साखर किंवा तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारं एचबीए१सी, ट्रायग्लिसराईड, एचडीएल, आणि लिव्हरसाठी एएलटी. सोबत बीपी.

एक उदाहरण घेऊ

समजा एक चाळिशीचा माणूस आहे, उंची १६८ सेंटीमीटर, वजन ७१ किलो. बीएमआय येतो २५.२, म्हणजे बघणारा म्हणेल "थोडंसं जास्त आहे, चालतंय". टेप लावली तर ९४. भागिले १६८ केलं की ०.५६. उपाशीपोटी साखर १०४, ट्रायग्लिसराईड १९०, दोन्ही रेषेच्या वर (साखरेची रेष १००, ट्रायग्लिसराईडची १५०). दिवसाला अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या गोड कोल्ड्रिंक, एक दुपारी आणि एक संध्याकाळी काम रेटायला. रात्री साडेबाराला झोपतो, पावणेसहाला अलार्म. रविवारी दहापर्यंत झोपून "भरून काढतो". आकडे मी धरलेले आहेत, पण असा माणूस तुम्हाला ओळखीचा वाटला तर नवल नाही. पुढच्या दोन पायऱ्या यालाच लावून बघू.

तिसरी पायरी: खाण्यात काय बदलायचं

इथे लोक पन्नास गोष्टी सांगतात, मी दोनच घेणार, कारण या दोघांवर चरबी *कुठे* जाते याचे प्रयोग झालेले आहेत, नुसतं वजनावर नाही.

पहिली म्हणजे प्यायची साखर. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातला एक प्रयोग छापून आला, जास्त वजनाच्या लोकांना १० आठवडे रोजच्या कॅलरीच्या पाव हिस्सा गोड पेयातून दिला, अर्ध्यांना ग्लुकोजचं आणि अर्ध्यांना फ्रुक्टोजचं. वजन दोघांचं साधारण सारखंच वाढलं. पण फ्रुक्टोजवाल्यांची आतली चरबी स्पष्ट वाढली आणि ग्लुकोजवाल्यांची वाढ मुख्यतः कातडीखाली गेली. कारण असं की ग्लुकोज सगळं शरीर वापरतं पण फ्रुक्टोजचं बहुतेक काम लिव्हरवर पडतं, आणि एकदम जास्त आलं की लिव्हर त्याची चरबी बनवायला लागतं. आपली साधी साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज निम्मं फ्रुक्टोज. प्रयोगातला डोस मोठा होता हे खरं, त्यामुळे चहातल्या एका चमच्याला घाबरायचं कारण नाही. आणि आख्खं फळ यात येत नाही, त्यात साखर कमी, चोथा भरपूर, चावून खायला वेळ लागतो. तेच फळ पिळून ग्लासात आलं की मात्र ते गोड पेयाच्याच रांगेत, रस घरी काढलेला असला तरी.

आपल्या माणसाचा हिशोब करू. साधारण कोल्ड्रिंकमध्ये १०० मिलीला १०-११ ग्रॅम साखर असते, म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत ५०-५५ ग्रॅम. दोन बाटल्यांत शंभर ग्रॅमच्या वर, चारशेच्या आसपास कॅलरी. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर रोजच्या कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, २००० कॅलरी खाणाऱ्याला ती ५० ग्रॅम होते, म्हणजे त्याची पहिली बाटली संपतानाच मर्यादा संपली. पहिले दोन आठवडे त्याने एवढंच करायचं, दुपारची बाटली बंद, संध्याकाळची बिनसाखरेच्या पेयावर किंवा पाण्यावर. मग संध्याकाळची पण. बाकी ताटात काही हलवायचं नाही. एकावेळी एक गोष्ट बदलली की फरक कशाने पडला ते कळतं, सोमवारपासून सगळंच बदललं की गुरुवारी सगळंच सुटतं.

दुसरी गोष्ट चरबीचा प्रकार. स्वीडनमध्ये २०१४ ला छापलेल्या एका प्रयोगात ३९ तरुण, नॉर्मल वजनाच्या लोकांना ७ आठवडे रोजच्या जेवणावर मफिन खायला दिले, मुद्दाम वजन वाढवायला. फरक फक्त तेलाचा, एका गटाच्या मफिनमध्ये पाम तेल, दुसऱ्याच्या सूर्यफुलाचं. वजन दोघांचं दीड किलोच्या आसपास सारखंच वाढलं. पाम तेलवाल्यांची लिव्हरमधली आणि पोटातली चरबी जास्त वाढली, सूर्यफूलवाल्यांच्यात त्यातला जास्त भाग स्नायू वगैरे चरबी नसलेल्या वजनात गेला. प्रयोग लहान आहे, आणि यावरून "सूर्यफूल तेल ओता" असा अर्थ काढू नका, कुठल्याही तेलाच्या ग्रॅमला ९ कॅलरी असतातच. अर्थ एवढाच की लोणी, पाम तेल, बेकरीतला माल, तळून पॅक केलेलं यातली घट्ट चरबी कमी करून त्या जागी पातळ वनस्पती तेलं, दाणे, बिया, मासे आले तर कॅलरी तेवढ्याच राहूनही आतल्या चरबीला फायदा होतो. *त्या जागी*, वरून नाही.

बाकीचं थोडक्यात. प्रत्येक जेवणात प्रोटीनची एक ठळक वस्तू असू द्या, डाळी, कडधान्यं, अंडी, दही, मासे, काहीही, कारण वजन उतरताना स्नायू वाचवायला ते लागतं. दारू घेत असाल तर तिच्या कॅलरी मोजा आणि लिव्हर आधीच चरबीत असेल तर ती सोडलेलीच बरी. उपाशी राहून आठवड्यात तीन किलो घालवायच्या नादाला लागू नका, त्यात बरंचसं पाणी आणि स्नायू जातात. आणि पोटाचे क्रंचेस करून पोटाची चरबी जात नाही, स्नायू मजबूत होतात एवढंच. भरभर चालण्याने मात्र वजन न हलताही आतली चरबी कमी होते, त्यामुळे चाला, पण तो वेगळा विषय.

चौथी पायरी: झोप

आता मुद्द्यावर येतो. "कमी झोपलं की वजन वाढतं" हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण नेमकं काय होतं ते अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या २०२२ च्या प्रयोगात फार स्वच्छ दिसतं म्हणून जरा सविस्तर सांगतो. १२ निरोगी माणसं, कोणी लठ्ठ नाही. त्यांना दवाखान्यातच ठेवलं. एका फेरीत १४ रात्री फक्त ४ तास झोपायला मिळालं, दुसऱ्या फेरीत ९ तास, आणि मध्ये मोठी सुट्टी. खायला हवं तेवढं, कोणी अडवत नव्हतं, फक्त सगळं मोजलं जात होतं. कमी झोपेच्या फेरीत लोकांनी रोज ३०० च्या वर कॅलरी जास्त खाल्ल्या, आणि जास्त वेळ जागे असूनही शरीराने खर्च मात्र फारसा वाढवला नाही. वजन वाढलं फक्त अर्ध्या किलोच्या आसपास. काट्यावर कोणी लक्षही दिलं नसतं. पण सीटीमध्ये पोटातली आतली चरबी ११ टक्क्यांनी वाढलेली!

खरं डोकं खाजवायला लावणारी गोष्ट पुढे आहे. १४ रात्रींनंतर ३ रात्री त्यांना पोटभर झोपू दिलं. खाणं खाली आलं, वजनही उतरायला लागलं, पण आतली चरबी तेव्हासुद्धा वाढतच होती. म्हणजे आपल्या माणसाचं रविवारी दहापर्यंत झोपणं पोटाच्या आतल्या हिशोबात निदान लगेच तरी जमा होत नाही. १२ जणांचाच प्रयोग आहे आणि ४ तास ही फारच टोकाची झोप आहे, हे धरूनही मला यातून एक गोष्ट पक्की वाटते, की काट्यावर विसंबून "मला कमी झोप मानवते" असं कोणी ठरवू नये.

डाएट करणाऱ्यांसाठी अजून एक, २०१० चा. १० जास्त वजनाच्या लोकांना दोन आठवडे सारखंच कमी खायला दिलं, एकदा साडेआठ तास झोपायची मुभा आणि एकदा साडेपाच. वजन दोन्ही वेळा साधारण ३ किलोच उतरलं. पण कमी झोपेत त्या उतरलेल्या वजनातला चरबीचा वाटा निम्म्याहून कमी झाला आणि स्नायू वगैरेचा वाटा वाढला. तेवढंच उपाशी राहिलं, काटा तेवढाच हलला, पण गेलं चुकीचं. वर भूक पण जास्त लागत होती.

मग करायचं काय? मोठ्यांना ७ तास किंवा जास्त झोप हवी असं झोपेच्या डॉक्टरांच्या संघटना सांगतात, आणि ती *झोप* आहे, बिछान्यातला वेळ नाही. ७ तास झोपायला बिछान्यात साडेसात-आठ तास लागतात. २०२२ मध्येच शिकागोचा एक प्रयोग आला, रोज साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या ८० लोकांपैकी अर्ध्यांना एकदाच बसवून त्यांच्या घरातलं झोपेचं वेळापत्रक नीट लावून दिलं, बाकी जेवणाबद्दल एक शब्द नाही. त्यांची झोप सरासरी १.२ तासांनी वाढली आणि रोजचं खाणं दुसऱ्या गटापेक्षा सुमारे २७० कॅलरींनी कमी झालं, आपोआप. २७० कॅलरी म्हणजे आपल्या माणसाच्या एका बाटलीपेक्षा जास्त.

तर वेळापत्रक लावायचं असं. उठायची वेळ पक्की धरा, कारण ती कामामुळे ठरलेलीच असते, आणि सुट्टीच्या दिवशी पण ती तासाभराच्या आतच सरकू द्या. तिथून उलटं मोजा. पावणेसहाला उठणाऱ्याने पावणेदहा-दहाला बिछान्यात असायला हवं, आणि हे वाचून आपला साडेबारावाला हसणार. म्हणून एकदम अडीच तास ओढायचे नाहीत, दर तीन-चार दिवसांनी १५-२० मिनिटं अलीकडे. एकदम दहाला आडवं झालं तर झोप येत नाही, माणूस छताकडे बघत बसतो, मग मोबाईल घेतो आणि तिसऱ्या दिवशी प्रकरण बंद. सगळं जमलं नाही आणि गाडी सव्वाअकरावर अडकली तरी तो तासाभराचा फायदा आहे, शिकागोवाल्यांना जवळपास तेवढाच मिळाला होता.

कॅफिनचा हिशोब करा. ते अर्ध्यावर यायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणून दुपारी दोन-तीननंतर चहा-कॉफी आणि कोल्ड्रिंक नको. इथे मजा बघा, त्याची संध्याकाळची बाटली साखर पण देत होती आणि कोला असेल तर कॅफिन पण, आणि ती लागत होती कारण रात्री झोप झालेली नव्हती. एक सुटलं की दुसरं सोपं जातं ते असं. रात्रीचं जेवण झोपायच्या दोन-तीन तास आधी. आणि जागरणात जे खाल्लं जातं ते जवळजवळ नेहमी पॅकेटमधलं असतं, त्यामुळे तो तास झोपेत गेला की ते पॅकेट पण वाचतं.

हे सगळं करून आठ तास बिछान्यात काढून पण सकाळी थकवा असेल, मोठ्याने घोरत असाल, घोरताना श्वास अडकतो असं घरच्यांनी सांगितलं असेल, किंवा दिवसा बसल्याबसल्या डोळा लागत असेल, तर वेळापत्रकाने काही होणार नाही. तो स्लीप अॅप्निया म्हणजे झोपेत श्वास अडकायचा आजार असू शकतो, आतल्या चरबीबरोबर तो हमखास दिसतो, आणि त्यासाठी झोपेची तपासणी करावी लागते.

पाचवी पायरी: फरक पडतोय का ते बघणं

टेप आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, त्याच पद्धतीने. रोज मोजू नका, जेवण, गॅस, पाळीचे दिवस यांनी कंबर सहज २-३ सेंटीमीटर इकडेतिकडे होते आणि उगाच जीव टांगणीला लागतो. पहिल्या चार आठवड्यांची सरासरी आणि पुढच्या चार आठवड्यांची सरासरी अशी तुलना करा. वजन उतरायला लागलं की आतली चरबी प्रमाणात बाहेरच्यापेक्षा आधी आणि जास्त जाते, म्हणून कधी कधी वळी तशीच दिसते पण रिपोर्ट सुधारलेला असतो. आपल्या माणसाचं १२ आठवड्यांनी वाजवी चित्र असं असेल: वजन ६८.५, कंबर ९१, भागाकार ०.५४. दिसायला फार नाही, चिमटीतली वळी पण बऱ्यापैकी तशीच. पण ट्रायग्लिसराईड परत तपासलं तर ते खाली आलेलं असण्याची चांगली शक्यता आहे, कारण प्यायची साखर बंद झाली की तो आकडा लवकर हलतो. ९१ वरून ८४ च्या खाली, म्हणजे उंचीच्या निम्म्याखाली, जायला त्याला अजून बरेच महिने लागतील.

आठ आठवड्यांत टेप अजिबात हलली नाही तर आधी मोजायची जागा तपासा, मग बाटलीच्या जागी दुसरं गोड काही आलंय का ते बघा (येतं, बिस्किटाच्या रूपात), मग झोपेच्या वेळा आठवडाभर कागदावर लिहा, कारण "मी सात तास झोपतो" म्हणणारे बरेच जण लिहायला बसले की सहावर येतात.

काही गोष्टींत मात्र टेप बाजूला ठेवायची. पोट काही आठवड्यांत झपाट्याने वाढलं, पायांवर सूज आली, डोळे पिवळे दिसले, किंवा वजन उतरतंय आणि पोट मात्र फुगतंय, तर ती चरबी नसून पोटात साठलेलं पाणी किंवा गाठ असू शकते, लगेच डॉक्टरकडे जा. दम्यासाठी, सांध्यांसाठी वगैरे बरेच महिने स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्यांनी पण चरबी पोटाकडे आणि चेहऱ्याकडे सरकते आणि अशा वेळी जेवण-झोप बदलून फरक कमी दिसतो. डोस कमी करता येईल का हे लिहून देणाऱ्या डॉक्टरला विचारा, पण गोळी स्वतःहून बंद करू नका, कारण दीर्घकाळ घेतलेलं स्टिरॉइड अचानक थांबवलं तर बीपी जिवावर बेतेल इतकं खाली जाऊ शकतं.